गजी मंडळाचा अनुदान अर्ज : प्रकल्प नोंदी

९ जून

काल रात्री मंदिरासमोरच्या पारावर मंडळाची कार्यकारिणी बसली आणि सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे वाद्ये व पोशाखांसाठी अनुदान मागण्याचा ठराव झाला. धनगर समाजाच्या गजी नृत्याचे आमचे पथक कवठे महांकाळ तालुक्यातले असून त्यात चोवीस नाचणारे, चार ढोलवाले, कैताळ नावाच्या झांजा वाजवणारे दोघे आणि एक सनईवाला असे एकतीस जण आहेत. सहसचिव या नात्याने पत्रव्यवहार माझ्याकडे आहे, त्यामुळे अर्जाचे पत्र लिहिण्याचे काम आपोआप माझ्या वाट्याला आले. काय लिहिले, काय खोडले आणि का खोडले, हे पुढच्या वेळी कोणाला तरी उपयोगी पडावे म्हणून या नोंदी ठेवत आहे.

ठरावात रक्कम अडीच लाख लिहिली गेली. ही रक्कम कुठून आली असे मी विचारले, तेव्हा अध्यक्ष असलेले आबा म्हणाले, "आपण जरा जास्तीचं मागावं, ती लोकं निम्मं करत्यात." ठराव रात्री अकरा वाजता झाल्यामुळे मी वाद घातला नाही, पण वहीत त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

१२ जून

पत्राचा पहिला मसुदा लिहिला. दोन पाने भरली. त्यात आमची कला शेकडो वर्षे जुनी असल्याचे, पथक पिढ्यानपिढ्या चालत आल्याचे, वर्षाला अठरा प्रयोग होत असल्याचे आणि मंडळ स्वतःचे पंच्याहत्तर हजार रुपये घालणार असल्याचे लिहिले होते. वाचायला पत्र चांगले वाटत होते.

संध्याकाळी तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या एका ओळखीच्या निवृत्त लेखाधिकाऱ्यांना ते दाखवले. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचले, लाल पेन मागितले आणि प्रत्येक वाक्याशेजारी समासात एकच प्रश्न लिहीत गेले : "कागद?" पहिल्या पानावर असे अकरा प्रश्न झाले. त्यांचे म्हणणे असे की छाननी करणारा लिपिक आमचा नाच बघणार नसतो. तो एका हाताशी पत्र आणि दुसऱ्या हाताशी जोडपत्रे घेऊन बसतो आणि पत्रातला आकडा जोडपत्रात सापडतो का एवढेच पाहतो. त्यामुळे पत्र आधी लिहून मग त्याला कागद जोडण्याऐवजी, हाताशी असलेले कागद आधी मांडायचे आणि त्यांत जे आहे तेवढेच पत्रात लिहायचे, असे त्यांनी सांगितले. मसुदा तिथेच बाजूला ठेवला.

१७ जून

कागद मांडले. ट्रंकेत निघालेले असे : संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचे नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालचे प्रमाणपत्र, घटनेची प्रत, बँकेचे पासबुक, पॅन कार्ड आणि मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. तिसऱ्या, म्हणजे नुकत्याच संपलेल्या वर्षाचा अहवाल सांगलीच्या सनदी लेखापालांकडे तयार होत आहे.

नोंदणीचे क्रमांक दोन असतात, एक संस्था नोंदणीचा आणि दुसरा सार्वजनिक न्यास म्हणून मिळालेला, 'एफ' अक्षराने सुरू होणारा, हे आमच्यापैकी कित्येकांना ठाऊकच नव्हते. आजवर आम्ही पावत्यांवर पहिला आणि लेटरहेडवर दुसरा छापत आलो आहोत. पत्राच्या मथळ्यात आता दोन्ही क्रमांक त्यांच्या तारखांसह येतील.

याहून मोठी अडचण नावाची निघाली. नोंदणी प्रमाणपत्रात आमच्या नावात 'गजी नृत्य लोककला' असे शब्द आहेत, पासबुकावर 'लोककला' नाही आणि पॅन कार्डावर 'नृत्य' नाही. बोलताना आम्ही नुसते 'गजी मंडळ' म्हणतो, म्हणून वीस वर्षांत कोणाच्या लक्षात आले नाही. अनुदान खात्यावर जमा होताना खात्याचे नाव आणि मंजूर संस्थेचे नाव जुळले नाही तर रक्कम परत जाते. बँकेत ठरावाची प्रत व नोंदणी प्रमाणपत्र देऊन नाव दुरुस्तीचा अर्ज केला आणि पॅनसाठीही दुरुस्तीचा अर्ज भरला. पत्रात आम्ही नोंदणीचेच नाव अक्षर न् अक्षर तसेच लिहायचे आणि 'यापुढे मंडळ' असा उल्लेख करायचा, असे ठरले.

२० जून

आज सांगलीला धर्मादाय कार्यालयात जाऊन परिशिष्ट एकचा उतारा काढला. विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे सांगणारा हाच अधिकृत कागद आहे. त्यावर अध्यक्ष म्हणून आबांच्या आधीच्या अध्यक्षांचे नाव आहे, आणि ते तीन वर्षांपूर्वी वारले. नवे अध्यक्ष निवडल्यानंतर नव्वद दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो, तो आम्ही दिलेलाच नाही. सभेचे इतिवृत्त लिहून झाले म्हणजे बदल झाला, अशी आमची समजूत होती.

म्हणजे आबांच्या सहीने गेलेला अर्ज कागदोपत्री परक्या माणसाच्या सहीचा ठरला असता. आज बदल अर्ज आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दाखल करून पोच घेतली. निकालाला वेळ लागणार, आणि आमची मुदत १५ जुलैची आहे. सचिवांचे नाव मात्र उताऱ्यावर जसेच्या तसे आहे. म्हणून अनुदानाच्या पत्रावर सचिवांची सही घ्यायची, त्यांना प्राधिकृत केल्याचा ठराव जोडायचा आणि अध्यक्षपदाचा बदल अर्ज प्रलंबित असल्याचे एका वाक्यात उघड लिहायचे, हा मार्ग लेखापालांनी सुचवला. ते वाक्य असे लिहिले आहे :

"मंडळाच्या अध्यक्षपदातील बदलाबाबतचा अर्ज सहायक धर्मादाय आयुक्त, सांगली यांच्याकडे दाखल असून त्याची पोच सोबत जोडली आहे, प्रस्तुत अर्जावर परिशिष्ट एकमध्ये नाव असलेल्या सचिवांनी ठरावान्वये स्वाक्षरी केली आहे."

आबांना हे समजावून सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सही कुणाची का असंना, ढोल आपल्याच दारात येणार."

२४ जून

अठरा प्रयोगांचा हिशेब लावण्यात आजचा पूर्ण दिवस गेला, आणि सगळ्या कामात हाच भाग मला सर्वांत अवघड वाटला.

लेखापरीक्षण अहवालात मागच्या वर्षी मानधन म्हणून जमा झालेली रक्कम बासष्ट हजार आहे आणि ती पाच कार्यक्रमांची आहे. पत्रात अठरा प्रयोग आणि अहवालात पाच प्रयोगांचे उत्पन्न, हे दोन कागद शेजारी ठेवणाऱ्या माणसाला दोनच अर्थ निघतात : एक तर आम्ही प्रयोग फुगवून सांगतो, किंवा तेरा प्रयोगांचे पैसे हिशेबात दाखवत नाही. खरी गोष्ट तिसरीच आहे. गजी हा आधी देवाच्या दारातला नाच आहे. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात चैत्रातल्या यात्रेला, आसपासच्या गावांच्या जत्रांना, कोणाच्या नवसाला पथक जाते तेव्हा सुपारी ठरवायची नसते. नारळ, भंडारा, जेवण आणि फार तर एखादा फेटा मिळतो. जायचा यायचा खर्च पथकातले लोक वर्गणी काढून करतात. हे गावात कोणालाही सांगावे लागत नाही, पण मुंबईच्या टेबलावर ते कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून प्रयोगांचे दोन तक्ते केले, एक मानधन घेतलेल्या कार्यक्रमांचा आणि दुसरा सेवा म्हणून केलेल्या नाचांचा. पहिल्या तक्त्यातल्या पाचही नोंदींना पासबुकातली जमा आहे. दुसऱ्या तक्त्यासाठी त्या त्या गावच्या यात्रा समितीचे किंवा ग्रामपंचायतीचे पत्र लागणार, ज्यात तारीख, ठिकाण, कलावंतांची संख्या आणि 'मानधन दिलेले नाही' हे चार तपशील असतील. पत्राचा नमुना मीच लिहून दिला, कारण लोक 'उत्कृष्ट नाच केला, सर्वांची मने जिंकली' असे लिहून देतात आणि तारीख विसरतात.

तेरापैकी नऊ गावांकडून पत्रे मिळण्यासारखी आहेत. दोन ठिकाणी समिती बदलली आहे आणि नवी मंडळी आमच्या वेळची नसल्याने सही करायला तयार नाहीत, त्यात त्यांची चूक नाही. उरलेल्या दोन ठिकाणची गोष्ट वेगळी आहे. तिथे रोख रक्कम मिळाली होती आणि ती जागेवरच एकतीस जणांत वाटून टाकली. पुस्तकात तिची नोंद नाही. हे दोन कार्यक्रम सेवा म्हणून दाखवणे खोटे झाले असते आणि मानधन म्हणून दाखवले तर अहवालाशी जुळत नाही. ते वगळले. पाच आणि नऊ मिळून चौदा. पत्रात अठराच्या जागी चौदा लिहिले आणि खजिनदारांनी यापुढे वाटपाची रक्कमही आधी खात्यातून फिरवायची, असे वहीत लिहून घेतले.

२८ जून

शेकडो वर्षांचे वाक्य आज काढून टाकले. त्याला कागद नाही, आणि आमच्या पथकाचे वय तर मलाही नक्की सांगता येत नाही. त्याच्या जागी कलेची ओळख करून देणारा परिच्छेद हवा होता, कारण वाचणाऱ्याने गजी पाहिलाच असेल असे धरता येत नाही. पाच वेळा लिहून हा उतरला :

"गजी हे धनगर समाजाचे गोलाकार समूहनृत्य आहे. पांढरा घेरदार झगा, धोतर व फेटा अशा वेशातील नर्तक दोन्ही हातांत रंगीत रुमाल घेऊन ढोलाच्या भोवती फेर धरतात आणि म्होरक्याच्या इशाऱ्यावर सर्वांची पावले एकाच वेळी बदलतात. नृत्याची गती पूर्णपणे ढोल व कैताळ यांवर अवलंबून असल्याने वाद्य सदोष असेल तर फेर तुटतो. झग्यांचा घेर व रुमालांची हालचाल हा नृत्याचाच भाग असल्याने पोशाख हे येथे केवळ सजावटीचे साहित्य नाही."

शेवटची दोन वाक्ये मुद्दाम घातली आहेत. पुढे पत्रात ढोल आणि झगे यांचीच मागणी आहे, तेव्हा ओळखीच्या परिच्छेदातच त्यांची गरज दिसली पाहिजे. बिरोबाची कथा, ओव्यांची परंपरा, भाकणूक यांविषयी पहिल्या मसुद्यात अर्धे पान होते. तो मजकूर मला प्रिय आहे, पण त्यातून मागणीतल्या कोणत्याही ओळीला आधार मिळत नाही, म्हणून तो वेगळा जपून ठेवला.

२ जुलै

अंदाजपत्रकाचा दिवस. आबांच्या अंगणात चारही ढोल ओळीने ठेवून तपासले. आबांचे म्हणणे चारही नवे घ्यावेत असे होते. पावसाळी हवेत कातडे सैल पडतेच, म्हणून आधी शेकोटी करून चारही ढोल शेकले आणि मग वाजवले. दोन ढोल तापल्यावरही भसका आवाज देत राहिले. त्यांचे एका बाजूचे कातडे उतरवून आत विजेरी धरली तेव्हा खोडाच्या बाहेर उजेडाची बारीक रेघ दिसली. खोड उभे तडकले आहे, त्याला कितीही नवे कातडे चढवले तरी ताण बसणार नाही. उरलेल्या दोघांची खोडे शाबूत असून नुसते कातडे जुने झाले आहे.

हा फरक अंदाजपत्रकात महत्त्वाचा ठरतो. नवा ढोल ही भांडवली खरेदी आहे, ती मंडळाच्या मालमत्ता नोंदवहीत चढते आणि वर्षानुवर्षे राहते. कातडे बदलणे ही दुरुस्ती आहे, ती दर काही वर्षांनी करावीच लागते, आणि भांडवली अनुदानात ती मिसळली तर तपासणारा ती ओळ कापतो, कधी तिच्यासोबत सगळ्या वाद्यांवरच शंका घेतो. म्हणून दोन नवे ढोल मागायचे आणि दोघांची कातडी मंडळाने स्वतःच्या पैशाने बदलायची, असे ठरले.

ढोल करणाऱ्या कारागिराकडे जाऊन दराचा तपशील घेतला. एका ढोलाचे खोड आठ हजार, दोन कातडी तीन हजार, दोर व कड्या एक हजार आणि मढवण्याची मजुरी अडीच हजार, असे साडेचौदा हजार होतात. दोन ढोलांचे एकोणतीस हजार. कैताळाच्या दोन जोडांचे आठ हजार चारशे आणि एका सनईचे तीन हजार सहाशे. पोशाखात झग्याचे सात मीटर कापड दीडशे रुपये दराने एक हजार पन्नास, शिलाई सहाशे, धोतर साडेचारशे, फेटा चारशे आणि रुमालांची जोडी दीडशे, म्हणजे एका नर्तकाचे दोन हजार सहाशे पन्नास आणि चोवीस जणांचे त्रेसष्ट हजार सहाशे. वाद्ये आणि पोशाख टेम्पोतून नेताना भिजू नयेत म्हणून चार पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकी तीन हजार शंभर, म्हणजे बारा हजार चारशे. सगळी बेरीज एक लाख सतरा हजार झाली.

अडीच लाखांच्या ठरावाच्या निम्म्याहूनही कमी. आबा जरा हिरमुसले, पण आकडे त्यांच्याच अंगणात निघाले होते.

दरपत्रकांची अडचण वेगळीच आहे. कापड, पेट्या यांची तीन तीन दरपत्रके सहज मिळाली. ढोल करणारे मात्र आमच्या भागात मोजकेच, आणि त्यांच्याकडे बिलबुक नाही, जीएसटी क्रमांक नाही. त्यांची उलाढाल मर्यादेच्या कितीतरी खाली असल्याने तो असणे बंधनकारकही नाही. दोन कारागिरांनी साध्या कागदावर तपशीलवार दर लिहून, पॅन क्रमांकासह सही करून दिली. तिसरे दरपत्रक एखाद्या दुकानदाराच्या लेटरहेडवर आणता आले असते, कोणीतरी तसे सुचवलेही, पण ज्याने जन्मात ढोल मढवला नाही त्याचा दर जोडून काय उपयोग? त्याऐवजी पत्रात सरळ लिहिले :

"ढोल हे हस्तनिर्मित वाद्य असून परिसरातील दोनच कारागिरांकडून दर प्राप्त झाले आहेत, दोघांचीही उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याने त्यांनी स्वाक्षरीसह लेखी दर दिले आहेत. त्यांपैकी कमी दर मागणीत धरला आहे."

३ जुलै

मंडळाचा स्वतःचा वाटा. पहिल्या मसुद्यातले पंच्याहत्तर हजार आठवले की अजून कानशिले तापतात, कारण आज आलेल्या ताज्या लेखापरीक्षण अहवालात ३१ मार्चची बँक शिल्लक ४१,२६० रुपये आहे. नसलेले पैसे आम्ही देणार म्हणून लिहिले होते.

शिल्लकेतून पट्टणकोडोलीची बिरदेवाची यात्रा आणि इतर जाण्यायेण्याचे पंधरा हजार बाजूला काढले. जुन्या दोन ढोलांच्या चार कातड्यांचे सहा हजार आणि ती चढवण्याचे दोन हजार असे आठ हजार दुरुस्तीला गेले. उरतात १८,२६०. त्यातले अठरा हजार मंडळाचा वाटा म्हणून धरले आणि मागणी नव्याण्णव हजारांची झाली.

खजिनदार म्हणाले, एक लाख करून टाका, वाचायला बरे दिसते. मी ती बेरीज त्यांच्यासमोर पुन्हा केली आणि वरचा एक हजार कोणत्या ओळीत लिहू असे विचारले. ते हसले आणि विषय सुटला.

याच रात्री पुन्हा सभा घेऊन जुना ठराव रद्द केला, कारण ठरावात अडीच लाख आणि पत्रात नव्याण्णव हजार असे गेले असते तर सगळी मेहनत एका ओळीवर अडली असती. नव्या ठरावात हेतू, एकूण खर्च, मंडळाचा वाटा, मागणीची रक्कम आणि सचिवांना सहीचा अधिकार अशा पाचही गोष्टी लिहिल्या. सध्या मेंढरे गावातच असल्याने गणपूर्तीला अडचण आली नाही. हाच ठराव दिवाळीनंतर करावा लागला असता तर निम्मी कार्यकारिणी कोकणाच्या वाटेला असती.

८ जुलै

मेंढरांचा विषय निघाला म्हणून प्रयोगांचे नियोजन पुन्हा पाहिले. अनुदान मिळाल्यावर वर्षभरात किती प्रयोग करणार हे पत्रात सांगायचे होते आणि मी दर महिन्याला एक असे बारा लिहून मोकळा झालो होतो. दिवाळीनंतर आमच्यातले नऊ नर्तक आणि एक ढोलवाले मेंढरे घेऊन घाट उतरतात ते पावसाच्या तोंडावर परततात. मध्ये यात्रेपुरते काही जण येऊन जातात. डिसेंबरात कोणी पाहणीला आले तर पंधराच नर्तकांचा फेर दिसेल. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर सात प्रयोग पूर्ण पथकाचे, चैत्रात दोन आणि मधल्या काळात पंधरा नर्तकांचे तीन, असे खरे वेळापत्रक लिहिले, आणि कारणही एका वाक्यात दिले. शासनाच्या नजरेत हे उणे ठरेल का, यावर आमचा बराच खल झाला. माझे मत असे पडले की स्थलांतर लपवून वर्षअखेरीस प्रयोग न झाल्याची कारणे देत बसण्यापेक्षा ते आधीच सांगितलेले बरे.

११ जुलै

अंतिम पत्र दीड पानाचे झाले. वर जावक क्रमांक व दिनांक, मग 'प्रति, मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई', त्याखाली विषय. विषयाची ओळ आधी 'आर्थिक मदत मिळणेबाबत' अशी होती. ती 'गजी नृत्य पथकास वाद्ये व पोशाख खरेदीसाठी रु. ९९,००० इतके भांडवली अनुदान मिळणेबाबत' अशी केली, म्हणजे टपाल फोडणाऱ्यालाच ते कोणत्या टेबलाकडे द्यायचे हे कळावे. मागणीचा परिच्छेद असा :

"वरील तपशिलाप्रमाणे एकूण खर्च रु. १,१७,००० असून त्यापैकी रु. १८,००० मंडळ स्वनिधीतून करणार आहे. उर्वरित रु. ९९,००० इतके अनुदान मंजूर व्हावे, ही विनंती. खरेदी केलेल्या वस्तू मंडळाच्या मालमत्ता नोंदवहीत नोंदवण्यात येतील आणि देयके, छायाचित्रे व सनदी लेखापालांचे उपयोगिता प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर करण्यात येईल."

'कृपाळू होऊन', 'गोरगरीब कलावंतांवर दया करून' असे दोन तुकडे आबांच्या आग्रहावरून आत आले होते, ते सचिवांनी सही करण्यापूर्वी स्वतः खोडले. जोडपत्रांना क्रमांक दिले आणि पत्रातल्या प्रत्येक आकड्यापुढे कंसात जोडपत्राचा क्रमांक घातला. पासबुकावरचे नाव परवाच दुरुस्त होऊन आले; पॅनची पोच जोडली. एक प्रत नोंदणीकृत टपालाने गेली, एक संच ट्रंकेत.

१९ ऑगस्ट

त्रुटीपत्र आले. दोनच त्रुटी आहेत. कलावंतांच्या यादीत एकतीस नावे असताना पोशाख चोवीसच का, आणि चार ढोलवाले असताना ढोल दोनच का. पहिले मी पत्रात स्पष्ट लिहायला विसरलो होतो, हे कबूल केले पाहिजे. यादीत एकतीस नावे नुसती एकाखाली एक होती. कोण नर्तक आणि कोण वादक हा रकानाच नव्हता. दुसऱ्याचे उत्तर दुरुस्तीच्या ओळीत होते, पण ती ओळ मंडळाच्या खर्चाची म्हणून मी अंदाजपत्रकातून वगळली होती.

२२ ऑगस्ट

पूर्ततेचे पत्र पाठवले. यादीला 'भूमिका' हा रकाना जोडला आणि वादक धोतर-फेट्यावर बसतात, ते त्यांच्याकडे आहेत, झगा फक्त नर्तकांचा, असे लिहिले. ढोलांबाबत चारही ढोलांची स्थिती एका तक्त्यात दिली, तडकलेल्या खोडांची छायाचित्रे जोडली, आणि दोन ढोलांची कातडी मंडळ आठ हजारांत स्वतः बदलत असल्याचे कळवले.

परतताना ढोलवाल्या कारागिरांकडे गेलो. पाऊस उघडला की कातडी वाळवायला घेता येतील, दसऱ्याआधी नवे ढोल हवे असतील तर खोडांसाठी इसार आताच द्या, असे त्यांचे म्हणणे होते. मंजुरी आदेशाच्या तारखेआधीचे देयक अनुदानात धरले जात नाही, म्हणून नव्या ढोलांसाठी त्यांना थांबायला सांगितले. जुन्या दोघांच्या कातड्यांचे आठ हजार मात्र मंडळाच्या खात्यातून धनादेशाने दिले आणि त्यांच्याकडून सही केलेली पावती घेतली. पावतीवर मंडळाचे नाव त्यांनी 'गजी मंडळ' असेच लिहिले होते. पूर्ण नाव लिहून घेऊन निघालो.